अक्षरे सरकविण्याचे गणित : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणक-सुरक्षेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात पहिला गृहपाठ म्हणून जो प्रोग्राम बहुधा लिहावयास देतात, तो ज्यूलियस सीझरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कूटलिपीचा असतो. मजकुरातील प्रत्येक अक्षर वर्णमालेत ठराविक घरे पुढे सरकविले की गुप्तलेख तयार होतो, आणि तितकीच घरे मागे आणले की मूळ मजकूर हाती येतो. सीझर तीन घरे पुढे जाऊन A च्या जागी D लिहीत असे, हे चरित्रकार स्वेटोनियस याने नमूद करून ठेविले आहे. त्याचा वारस ऑगस्टस एकच घर पुढे जाई. परंतु तत्कालीन लॅटिन वर्णमालेत अखेरच्या मानल्या जाणाऱ्या X शी पोहोचल्यावर तो पुनश्च आरंभाच्या A कडे न वळता AA असे जोडाक्षर लिही. वर्णमाला ही त्याच्या लेखी एक सरळ ओळ होती. आजच्या प्रोग्रामात मात्र ती २६ घरांचे मंडल असते, आणि नवशिक्यांचे बहुतेक गैरसमज या मंडलाचा विसर पडल्यामुळेच उद्भवतात.

त्यांतील सर्वांत खोडकर गैरसमज असा, की कूट उलगडण्यासाठी निराळे काही करावयाचे नसून अधिकाच्या चिन्हाजागी उणे चिन्ह घातले म्हणजे काम भागते. कागदावर हे यथार्थ आहे. सी भाषेत नाही.

```c
c = (c - 'a' - 3) % 26 + 'a';
```

ही ओळ `khoor` या शब्दावर चालवून पाहिली असता `hello` असे निर्दोष उत्तर येते आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. परंतु `xyz` हा शब्द तीन घरे पुढे सरकवून `abc` करावा आणि तोच या ओळीच्या स्वाधीन करावा, म्हणजे पडद्यावर ``^_` `` अशी तीन विचित्र चिन्हे उमटतात. कारण असे की `a` चा क्रमांक शून्य, त्यातून तीन वजा जाता उरतात उणे तीन; आणि ऋण संख्येस भागले असता सी भाषा बाकीही ऋणच देते, त्यामुळे आपण मंडलाच्या शेवटाकडे न वळता `a` च्या अलीकडे असलेल्या चिन्हांच्या मुलखात जाऊन पडतो. पायथनमध्ये त्याच भागाकाराची बाकी २३ येते, म्हणून तेथे तेच सूत्र बिनचूक चालते, आणि एका भाषेतून दुसरीत उतरविलेला प्रोग्राम का बिघडला याचा उलगडा पुष्कळदा होत नाही. उपाय सोपा आहे: किल्लीची संख्या k प्रथम २६ने भागून तिची बाकी घ्यावी, आणि मग वजाबाकीत २६ मिळवावे.

```c
k = k % 26;
c = (c - 'a' - k + 26) % 26 + 'a';
```

अंतराचे व विरामाचे चिन्ह या सूत्रात शिरू देऊ नये, आणि परीक्षेसाठी वर्णमालेच्या दोन्ही टोकांची अक्षरे असलेला शब्द अवश्य घ्यावा. मधल्या अक्षरांनी हा दोष कधीच उघडकीस येत नाही.

किल्ली जितकी मोठी तितका बंदोबस्त पक्का, हा समजही याच विस्मरणातून येतो. १००० ला २६ने भागले असता बाकी १२ उरते, तेव्हा १००० घरे सरकविणे आणि १२ घरे सरकविणे यांत तिळमात्र फरक नाही. २६ घरे सरकविली तर मजकूर जागचा हलतदेखील नाही. दोनदा कूट केल्याने सुरक्षितता दुप्पट होते असे मानणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, की आधी तीन आणि मग पाच म्हणजे एकदाच आठ.

राहिला प्रश्न किल्ली ठाऊक नसणाऱ्या परक्याचा. त्याला उपयुक्त किल्ल्या अवघ्या २५ तपासावयाच्या असतात: `KHOOR` एक घर मागे घेता `JGNNQ`, दोन घरे घेता `IFMMP`, आणि तिसऱ्याच खेपेस `HELLO`. २००६ साली पकडला गेलेला सिसिलीच्या माफियाचा म्होरक्या बेर्नार्दो प्रोव्हेन्झानो आपल्या चिठ्ठ्यांत अक्षरांऐवजी आकडे लिही, आणि तेथेही A साठी ४, B साठी ५, असा तीनचाच फरक होता. पोलिसांना तो ओळखावयास फारसे सायास पडले नाहीत.

तथापि सर्व २५ किल्ल्या लावल्या म्हणजे अर्थ आपोआप निश्चित होतो, असेही समजू नये. `JOLLY` हा सुटा शब्द हाती लागला आणि तो सात घरे मागे नेला, तर `CHEER` असा तितकाच सार्थ शब्द मिळतो. मग यांतील मूळ कोणता आणि कूट कोणते, हे केवळ त्या पाच अक्षरांवरून कोणासही सांगता येणार नाही. त्याच लखोट्यात आणखी एखादा शब्द असला, तर तोही सात घरे मागे नेऊन पाहावा: तेथे निरर्थक अक्षरे आली, तर सात ही किल्ली रद्द समजून पुढची लावावी.