फक्त फरक लिहा

बोटाच्या हाडाला केसाएवढी चीर गेलेली असते आणि एक्स-रेवर ती जेमतेम दोन-तीन पिक्सेल रुंद दिसते. मोबाइलवरचा फोटो लहान करताना नेहमीची जेपीईजी पद्धत बारीक तपशील खुशाल टाकून देते. एक्स-रेच्या बाबतीत ती चैन परवडत नाही. म्हणून १९९२ च्या जेपीईजी मानकातच एक वेगळी, काहीही न गमावणारी पद्धत दिलेली आहे. तिचा सर्वांत साधा प्रकार वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम मानकातही आहे. त्याचा नियम असा : पिक्सेलची किंमत लिहू नका, डावीकडच्या पिक्सेलपासून ती किती वेगळी आहे तेवढंच लिहा.

एक ओळ घेऊन पाहू. आकडे समजायला सोपे जावेत असे मी घेतले आहेत. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. पहिला पिक्सेल १२० चा. त्यापुढचे सोळा :

१२१, १२२, १२२, १२३, १२५, १२६, १२६, १२७, १६७, १६७, १६८, १६९, १६८, १७०, १७०, १७१

मऊ भाग हळूहळू उजळत जातो, मध्येच हाडाची कड येते, तिथे १२७ वरून एकदम १६७. हेच फरकांत लिहिलं तर :

१, १, ०, १, २, १, ०, १, ४०, ०, १, १, -१, २, ०, १

मूळ ओळीत अकरा वेगवेगळ्या किमती होत्या, आता पाचच उरल्या. त्यातही एकट्या ‘१’ ने आठ जागा अडवल्या आहेत. वारंवार येणाऱ्या आकड्याला छोटा कोड आणि क्वचित येणाऱ्याला लांब कोड दिला की जागा वाचते. सरासरी किती बिटांपर्यंत उतरता येईल, याची खालची मर्यादा म्हणजे क्लॉड शॅनननं १९४८ मध्ये मांडलेली एन्ट्रॉपी. सोळापैकी आठ वेळा येणाऱ्याला १ बिट पुरतो, चार वेळा येणाऱ्याला २, दोनदा येणाऱ्याला ३ आणि एकदाच येणाऱ्याला ४.

मूळ ओळीत पाच किमती दोन-दोनदा आणि सहा किमती एकेकदा येतात. म्हणजे दहा पिक्सेलांचे ३० बिट आणि सहांचे २४, एकूण ५४. दर पिक्सेलला ३.३७५ बिट. फरकांच्या ओळीत आठ ‘१’ चे ८ बिट, चार शून्यांचे ८, दोन ‘२’ चे ६, आणि -१ व ४० यांचे ४-४ : एकूण ३०. दर पिक्सेलला १.८७५. दीड बिटाची घट.

उलट वाटही सरळ आहे : १२० मध्ये एकेक फरक मिळवत जा, मूळ ओळ जशीच्या तशी हाती येते. मग माहिती गेली कुठे? कुठेच नाही. वरचं गणित कोणती किंमत किती वेळा आली एवढंच मोजतं, क्रम त्याला दिसत नाही. हेच सोळा पिक्सेल पिसून कसेही मांडले तरी त्यांची एन्ट्रॉपी ३.३७५ च भरेल. फरक मात्र वेडेवाकडे येतील. शेजाऱ्यांचं जे साम्य नुसत्या मोजणीच्या नजरेतून सुटत होतं, ते वजाबाकीनं तिच्यासमोर आणलं, एवढंच.

खऱ्या फाइलमध्ये इतका फायदा एका ओळीवर मिळत नाही. कोणता कोड कशासाठी, हा तक्ताही सोबत पाठवावा लागतो आणि सोळा पिक्सेलांसाठी तोच भारी पडेल. लाखो पिक्सेलांमध्ये वाटला की त्याचं ओझं जाणवत नाही.

दुसरी अडचण -१ ची. बाइटमध्ये ० ते २५५ च मावतात आणि फरक तर -२५५ पासून २५५ पर्यंत असू शकतो. पीएनजी फाइलमध्ये हाच फरक ‘सब’ नावाच्या फिल्टरनं काढतात; तिथे -१ च्या जागी २५५ लिहितात. उलगडताना १६९ अधिक २५५ म्हणजे ४२४, त्यातून २५६ वजा केले की बरोबर १६८.

शेजारी खरोखर सारखे नसतील, तर हा डाव उलटतो. कमी प्रकाशातल्या फोटोत प्रत्येक पिक्सेलवर आपापला स्वतंत्र खरखराट असतो. वजाबाकीत दोघांचा खरखराट एकत्र येतो आणि फरकांचा पसारा वाढतो. ढोबळ हिशेबानं शेजाऱ्यांमधला सहसंबंध ०.५ च्या वर असेल तरच वजाबाकी फायद्याची. तो ०.९५ असेल, तर घट साधारण १.७ बिटांची, ०.५ ला शून्य. रंगांचा तक्ता असलेल्या चित्रात तर पिक्सेलचा आकडा म्हणजे नुसता अनुक्रमांक, ७ आणि ८ हे रंग अगदी विजोड असू शकतात. तशा चित्रांना पीएनजीत सहसा कोणताच फिल्टर लावत नाहीत.

आणि एक धोका. उलगडताना प्रत्येक पिक्सेल डावीकडच्यावर उभा असतो. साठवणुकीत एखादा फरक बिघडला, तर तिथून ओळीच्या टोकापर्यंत सगळे पिक्सेल तेवढ्याच अंतरानं चुकतात. चित्रात मध्येच सुरू होऊन उजव्या कडेपर्यंत गेलेली सलग आडवी रेघ दिसली, तर संशय आधी इथेच घ्यावा.