अनारशापासून उलटी मोजणी

दिवाळीच्या तयारीची यादी बहुतेक घरांत झाडूपासून सुरू होते. जाणत्या गृहिणी मात्र ती शेवटाकडून लिहितात. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपल्यावर फराळाचं ताट मांडायचं, तर सगळ्यांत जास्त दिवस कशाला लागतात हे त्या आधी पाहतात. लाडू एका संध्याकाळी वळून होतात. अनारशांना दहा-बारा दिवस द्यावे लागतात, आणि त्यातले बरेचसे नुसते थांबण्याचे असतात.

म्हणूनच साफसफाई तीन आठवडे आधी, दसऱ्याच्या आसपास उरकायची. घटस्थापनेपूर्वी ज्यांनी घर झाडून घेतलं, त्यांच्याकडे आता स्वयंपाकघर आणि माळा एवढंच उरतं. जळमटं आणि पंख्यांवरची धूळ अगोदर निघायला हवी, कारण पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत धुतलेले तांदूळ पंचावर पसरायचे असतात. फराळाचे डबे घासून कडक उन्हात वाळवायचे. झाकणाच्या खाचेत पाण्याचा एक थेंब राहिला तरी चिवडा सादळतो. ऑक्टोबरचं ऊन या कामाला उत्तम. परतीचा पाऊस रेंगाळला तर मात्र सगळा हिशेब दोन-तीन दिवसांनी पुढे जातो.

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला अनारशांचे तांदूळ भिजतात. तांदूळ जुना हवा. तो तीन दिवस पाण्यात ठेवायचा आणि पाणी रोज बदलायचं. या काळात तांदूळ किंचित आंबतो आणि पुढे जाळी पडायला त्याची मदत होते. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर पसरायचा, पण पूर्ण वाळवायचा नाही. हाताला ओलसर लागतो तोवरच कुटून किंवा मिक्सरमधून काढून बारीक चाळायचा. मग जेवढं पीठ तेवढाच, किंवा जरा कमी, किसलेला गूळ घालून पाणी न घालता मळायचं. गोळे घट्ट झाकणाच्या डब्यात निदान पाच दिवस मुरू द्यायचे.

या पिठाची परीक्षा कढईतच होते. खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडतात आणि उलटत नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवतात. तो तुपात पसरून विरघळू लागला, की ‘अनारसा हसला’ म्हणतात. गूळ किंवा ओल जास्त झाल्याची ती खूण. पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळून पुन्हा एक तळून पाहावा. जाळी न पडता तो कडक झाला, तर पीठ कोरडं पडलंय. दुधाचा हात लावून मळावं. म्हणून आधी एकच अनारसा तळायचा, सगळे थापून ठेवायचे नाहीत.

पीठ मुरतंय तोवर चकलीची भाजणी. एक किलो तांदळाला अर्धा किलो हरभऱ्याची डाळ आणि पाव किलो उडदाची डाळ, वर धणे-जिरे, हे अनेक घरांतलं प्रमाण. तांदूळ-डाळी धुऊन वाळवायच्या आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. एकत्र भाजल्या, तर डाळ करपते आणि तांदूळ कच्चा राहतो. गिरणीत भाजणी गव्हावर दळू देऊ नये, जात्यात उरलेली कणीक तिच्यात मिसळते. दिवाळीच्या आदल्या चार दिवसांत गिरणीवाल्याला हे सांगायची सोय नसते, एवढी रांग असते!

खरेदीही याच आठवड्यात. डाळींचं पीठ, तूप, सुकं खोबरं, खसखस आता आणावी आणि खोबऱ्याचा वास घेऊनच घ्यावं. एक खवट वाटी अख्ख्या चिवड्याची चव घालवते. दुबईला फराळ पाठवायचा असेल तर अनारसे वगळा, खसखशीला तिथे बंदी आहे.

शेवटच्या आठवड्यात कढई चढते, तीही टिकाऊपणाच्या क्रमाने. आधी चिवडा आणि शेव, मग चकल्या, शंकरपाळे. चकली तळताना तेलावरचे बुडबुडे शांत झाले की ती झाली. आच मोठी ठेवली, तर वरून लाल आणि आतून मऊ राहते, आणि दुसऱ्या दिवशी वातड होते. कुठलाही जिन्नस पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचा नाही.

बेसनाचे लाडू त्यानंतर, आणि अनारसे चतुर्दशीच्या दोन दिवस आधी. खव्याच्या किंवा ओल्या नारळाच्या करंज्या अगदी आदल्या दिवशी करा आणि दोन दिवसांत संपवा. भाऊबीजेपर्यंत करंज्या पुरवायच्या असतील, तर सारण सुक्या खोबऱ्याचंच भरा.