उंची कोणत्या जागी हवी?

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते, पुरुषांच्या व्हॉलीबॉलचं जाळं २.४३ मीटर, तर फुटबॉलच्या गोलचा आडवा दांडा २.४४ मीटर. ही मापं सगळ्यांना सारखीच असली, तरी एकाच संघातल्या खेळाडूंची शरीरं फार वेगवेगळी दिसतात. याचं मुख्य कारण वेळ आहे. ज्या जागेवरच्या खेळाडूला धाव घेऊन उडी मारायला वेळ किंवा वाव मिळत नाही, तिथे उंची लागते. ज्याला वाकून, वळून, दिशा बदलून खेळायचं असतं, त्याला ती अडचणीची ठरू शकते.

बास्केटबॉलमधला सेंटर रिंगखालच्या गर्दीत असतो. हुकलेला चेंडू परत येतो तेव्हा त्याला बहुधा जागच्या जागीच उडावं लागतं. २११ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे वर केलेले हात साधारण २८० सेंटीमीटरपर्यंत पोचतात, म्हणजे रिंगला लागायला २५ सेंटीमीटरची उडी पुरते. १८५ सेंटीमीटरच्या खेळाडूला साधारण ६० सेंटीमीटर उडावं लागतं, तेही प्रतिस्पर्ध्याचा खांदा अंगावर रेटलेला असताना. म्हणून सेंटरला उंचीबरोबर वजन आणि भक्कम मांड्या लागतात. पॉइंट गार्डचं काम चेंडू टप्पे देत पुढे नेण्याचं. त्याचा चेंडू जमिनीपासून जितका कमी उसळेल तितका चोरणं कठीण, त्यामुळे बुटकेपणाचा त्याला फायदाही होतो. १९८७-८८च्या हंगामात वॉशिंग्टन बुलेट्स संघात २.३१ मीटरचा मनूट बोल आणि १.६० मीटरचा मग्सी बोग्स एकत्र खेळत होते.

इथे नुसती उंची पाहून मात्र फसगत होते. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन २ मीटरही उंच नाही, तरी २०१५च्या अंतिम मालिकेत तो सेंटरच्या जागी खेळला. त्याच्या पसरलेल्या हातांची लांबी उंचीपेक्षा बरीच जास्त आहे, आणि बचावात उपयोग हातांचाच होतो.

व्हॉलीबॉलमध्ये हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. मिडल ब्लॉकरला जाळ्यासमोर एका बाजूकडून दुसरीकडे सरकून लगेच हात वर न्यायचे असतात. चेंडू झटकन येतो, म्हणून मागे जाऊन धाव घेण्याची सोय नसते. अव्वल पुरुष संघांत या जागी दोन मीटरच्या पुढचे खेळाडू नेहमीचे आहेत. आउटसाइड हिटरला तीन-चार पावलांची धाव मिळते, तेव्हा उंचीतली काही उणीव उडी भरून काढते. शिवाय सर्व्हिस उचलण्याचं कामही त्याच्याकडे असल्याने फार लांब शरीर त्याला जड जातं. सेटरचं काम हातांचं असलं, तरी फिरत्या क्रमात तोही पुढच्या रांगेत येतो आणि ब्लॉकला उभा राहतो, त्यामुळे सेटरही उंच निवडले जातात.

लिबेरोची जागा आंतरराष्ट्रीय खेळात १९९८मध्ये आली. तो फक्त मागच्या रांगेत खेळतो. त्याला ब्लॉक करता येत नाही आणि जाळ्याच्या वरचा चेंडू मारता येत नाही. उंचीचा उपयोग नियमानेच काढून घेतल्यावर उरतात ती चपळ पावलं आणि जमिनीलगतचं शरीर. मागच्या रांगेत आलेल्या मिडल ब्लॉकरच्या जागी बहुधा तोच उतरतो, म्हणजे संघातल्या दोन टोकांच्या शरीरांची अदलाबदल होते. ब्राझीलचा लिबेरो सर्जिओ सांतोस रिओ २०१६मध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

शरीर तेच ठेवून जागा बदलली तर काय होतं, हे २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात दिसलं. ब्राझीलविरुद्ध रशिया दोन सेटनी मागे होता. प्रशिक्षक व्लादिमीर अलेक्नो यांनी २.१८ मीटरच्या दिमित्री मुसेर्स्कीला मधून काढून अपोझिटला, म्हणजे कडेच्या मुख्य हल्लेखोराच्या जागी, आणलं. मध्ये झटपट चेंडू मिळण्यासाठी पहिला पास अचूक लागतो. कडेला मात्र उंच चेंडूही चालतो आणि पूर्ण धावही मिळते. त्या उंचीला उडीची जोड मिळाली आणि ब्राझीलच्या ब्लॉकला तो आवरेना. त्याने ३१ गुण मिळवले आणि रशियाने सामना ३-२ जिंकला.

फुटबॉलमध्ये हाताने खेळणारा एकटा गोलरक्षक, म्हणून उंचीचं बंधन त्याच्यावर सर्वाधिक. पेनल्टी ११ मीटरवरून मारली जाते; ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात गोलमध्ये पोचतो आणि मध्यापासून खांब ३.६६ मीटरवर असतो. तिथे लांब हात कामाला येतात, पण गुडघे सावकाश वाकणारा उंच गोलरक्षक खालच्या चेंडूंवर मार खातो. मधल्या फळीतल्या खेळाडूला सामन्यात सहसा दहा किलोमीटरच्या आसपास धावावं लागतं, म्हणून प्रत्येक जादा किलो महाग पडतो. ड्रिब्लिंग करणाऱ्या १.७० मीटरच्या मेस्सीची पावलं छोटी आणि शरीराचा भार खाली असतो. धावता धावता वळताना तोल टिकतो तो त्यामुळेच.

मधल्या बचावपटूला उंच चेंडू डोक्याने परतवायचे असतात, म्हणून तिथे उंच खेळाडू शोधले जातात. पण चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखणाऱ्याला धाव घ्यायला वेळ मिळतो. १.७६ मीटरचा फाबिओ कान्नावारो याच जागेवर खेळला, २००६मध्ये इटलीचा कर्णधार म्हणून त्याने विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर मिळवला.