समोरच्या एकाच दाताची कॅप

वरच्या ओळीतल्या मधल्या दोन दातांपैकी एकालाच कॅप बसवायची, हे दंतवैद्याच्या कामांतलं अवघड काम. समोरच्या सहाही दातांना व्हेनिअर लावायचे असतील तर रंग थोडा उन्नीस-बीस झालेला खपून जातो. इथे मात्र अस्सल जोडीदार शेजारीच असतो.

समजा, चाळिशीतल्या एका बाईंचा रूट कॅनल झालेला पुढचा दात काळपट पडलाय. भूल देण्याआधी, दात कोरण्याआधी शेड घ्यायची, कारण तोंड उघडं राहिलं की दात काही मिनिटांतच सुकतो. इनॅमलमधल्या सूक्ष्म फटींतलं पाणी जाऊन हवा शिरते आणि दात होता त्याहून पांढरा दिसतो. मूळ रंग परतायला काही तास, कधी अख्खा दिवस लागतो. कोरून झाल्यावर शेड घेतली तर कॅप हमखास जास्त पांढरी येते. घरी ब्लीचिंग केलं असेल तर किमान दोन आठवडे थांबलेलं बरं.

मग उजेड. डोक्यावरचा पिवळा झोत बंद करायचा, लिपस्टिक पुसायची, भडक साडीवर राखाडी कापड टाकायचं. दुपारच्या सुमाराचा खिडकीतला उजेड चांगला. तो नसेल तर साधारण ५५०० केल्विनचा दिवा. शेड गाइडची पट्टी दाताशेजारी धरून पाच-सात सेकंदच बघायचं, नंतर नजर राखाडीवर न्यायची. टक लावून पाहिलं की डोळे थकतात आणि पिवळ्यातले बारकावे निसटतात. आधी दात किती उजळ आहे ते ठरवावं, पिवळा की तांबूस ते नंतर. उजळपणा चुकला तर लांबूनही कळतं.

लॅबला नुसतं ‘ए२’ लिहून पाठवणं मला तरी अर्धवट वाटतं. या बाईंचा शेजारचा दात हिरडीपाशी ए३, मधे ए२ आणि कडेला निळसर पारदर्शक आहे. एका कोपऱ्यात पांढरा ठिपकाही आहे. हे सगळं दाताचं चित्र काढून त्यावर लिहायचं. सोबत फोटो: पट्टी दाताच्याच पातळीत, कडेला कड लावून, तिचा नंबर दिसेल अशी. पट्टी मागे-पुढे झाली की तिच्यावर उजेड वेगळा पडतो आणि फोटो फसवतो. कोरलेल्या काळपट बुंध्याचाही फोटो हवा. ते न कळता टेक्निशियनने पातळ, पारदर्शक सिरॅमिक वापरलं, तर आतला काळेपणा बाहेर डोकावतो. त्याला आतून अपारदर्शक थर द्यावा लागतो, आणि त्यासाठी दात थोडा जास्त कोरावा लागतो.

पक्की चिकटवण्याआधी कॅप ट्राय-इन पेस्टने बसवून बघतात. त्या वेळी बाईंनी आरसा घेऊन खिडकीशीही बघावं आणि घरातल्यासारख्या पिवळ्या दिव्याखालीही. दोन्हीकडे जुळत नसेल तर कॅप लॅबला परत जाते. चिकटवल्यावर ती कापूनच काढावी लागते.