तहान नसताना प्यायलेलं पाणी

मॅरेथॉनमध्ये सर्वांत पुढे असणाऱ्यांना पाणी प्यायला फुरसत नसते. ते सव्वादोन-अडीच तासांत मोकळे होतात. पाच-सहा तास रस्त्यावर असणाऱ्यांना मात्र प्रत्येक वॉटर स्टेशनवर थांबून दोन पेले रिचवायला भरपूर सवड असते. वेग कमी म्हणून घामही बेताचाच. पाण्याने जीव धोक्यात येऊ शकतो तो यांचाच.

एप्रिल २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक धावपटू शेवटच्या टप्प्यात कोसळली आणि दगावली. रक्तातलं सोडियम उतरून तिच्या मेंदूला सूज आली होती. त्याच शर्यतीत संशोधकांनी धावपटूंच्या रक्ताचे नमुने घेतले होते. तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांचं सोडियम खाली गेलेलं आढळलं आणि तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. धावताना वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ घेतलेले लोक त्यांत अधिक होते. बेचाळीस किलोमीटर धावून वजन वाढतं, याचा अर्थ घामावाटे गेलं त्याहून जास्त पाणी पोटात गेलं.

हिशेब मांडून पाहू. रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५च्या दरम्यान असतं. समजा, ५५ किलो वजनाची एक बाई पाच तास धावली. तिच्या शरीरात सुमारे साडेसत्तावीस लिटर पाणी आहे आणि सोडियम १४०. घामावाटे दोन लिटर गेलं, लघवी जेमतेम दोनशे मिलिलिटर, आणि ती प्यायली साडेतीन लिटर. म्हणजे एक लिटर तीनशे मिलिलिटर पाणी आत साठलं. आमटीत पाणी वाढवलं की ती अळणी होते, तसं रक्ताचं झालं: सोडियम १३१च्या आसपास. यातली दोन तृतीयांश घट नुसत्या वाढीव पाण्याने झाली. घामातल्या मिठाचा वाटा उरलेला. तेवढाच घाम येऊन ती दोनच लिटर प्यायली असती, तर आकडा १३७च्या जवळ राहिला असता.

‘मी साधं पाणी नाही, एनर्जी ड्रिंक पिते’ असं म्हणून सुटका होत नाही. या पेयांत रक्ताच्या साधारण सातव्या हिश्शाइतकंच सोडियम असतं. साडेतीन लिटर तेच प्यायलं, तरी वरच्या हिशेबात आकडा १३३च्या पुढे जात नाही.

मग मूत्रपिंडं हे पाणी बाहेर का टाकत नाहीत? एरवी ती तासाला पाऊण-एक लिटर सहज टाकतात. पण लांब धावताना, मळमळताना, दुखताना मेंदू लघवी रोखणारं संप्रेरक सोडत राहतो. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. गुडघ्यासाठी सकाळी गोळी घेऊन धावायला निघणारे आपल्याकडे थोडे नाहीत. त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

ओळखायचं कसं? पोट डब्ब होतं, मळमळतं, डोकं ठणकतं. बोटं सुजून अंगठी रुतते, घड्याळाचा पट्टा घट्ट वाटतो. पुढे उलट्या, असंबद्ध बोलणं, झटके. घोटाळा असा की थकवा आणि मळमळ पाणी कमी पडल्यावरही होते, आणि बघ्यांना सुचतं ते एकच: ‘पाणी द्या!’ पाणी कमी पडलेल्याला तहान लागलेली असते, तोंड कोरडं असतं, उभं राहिल्यावर गरगरतं आणि आडवं करून पाय उंच केले की बरं वाटतं. पोटात साठलेलं पाणी नंतर रक्तात उतरतं; म्हणून शर्यत संपून तासाभराने, घरच्या वाटेवरही त्रास सुरू होऊ शकतो.

१९९६ साली अमेरिकेच्या क्रीडावैद्यक संस्थेचा सल्ला होता, घामाइतकं किंवा पोटाला झेपेल तितकं प्या. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांच्यासारख्यांनी तो खोडून काढला. २०१५च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-परिषदेने तहानेनुसार पिण्याचीच शिफारस केली. रक्त जरासं दाटलं, एक-दोन टक्क्यांनी, की तहान लागते. ती काही उशिराची सूचना नव्हे. वयस्कर माणसांची तहान मात्र मंदावलेली असते. त्यांनी, आणि खरं तर सगळ्यांनीच, सरावाच्या लांब धावेआधी आणि नंतर वजन करावं. किलोभर उतरलं तर चिंता नाही; वाढलं असेल, तर पुढच्या वेळी पाणी कमी करायचं.

त्रास सौम्य असेल तर लघवी मोकळी होईपर्यंत पाणी बंद ठेवतात आणि खारट सूप देतात. बोलणं भरकटलं किंवा झटका आला, तर रुग्णालयच गाठायला हवं. तिथे शंभर मिलिलिटर तीन टक्के सलाइन शिरेतून देतात, गरज पडल्यास दहा-दहा मिनिटांनी पुन्हा. नेहमीची सलाइनची बाटली इथे कामाची नाही, उलट त्रास वाढू शकतो. म्हणून सोबतच्याने डॉक्टरांना दोन गोष्टी लगेच सांगाव्यात: हा किती तास धावला आणि अंदाजे किती प्यायला. मग बाटली लावण्याआधी सोडियम तपासायचं त्यांच्या ध्यानात येईल.