हातचा एक म्हणजे दहा काड्या

दुसरीतल्या मुलांना ३७ आणि २५ यांची उभी बेरीज करायला दिली, तर चुकीची उत्तरे बहुधा तीन प्रकारची येतात : ५१२, ५२ किंवा ७१. पहिल्या मुलाने ७ आणि ५ मिळून आलेले १२ तसेच्या तसे खाली लिहिलेले असतात. दुसऱ्याने २ लिहून हातचा सोडून दिलेला असतो. तिसऱ्याने १ खाली लिहून २ हातचा घेतलेला असतो. तिघांनाही ७ आणि ५ बारा होतात हे बरोबर ठाऊक असते. त्या बारातला १ म्हणजे एक नव्हे, दहा, एवढेच त्यांना ठाऊक नसते. अशा मुलाला ‘दोन लिही, एक हातचा घे’ हे वाक्य पुन्हा ऐकवून काही साधत नाही, कारण त्याने ऐकलेले असते तेच.

मुलाची समज तपासायची एक सोपी रीत आहे. त्याच्यापुढे १६ काड्या ठेवाव्यात, कागदावर १६ लिहावे आणि आकड्यातल्या ६ वर बोट ठेवून ‘एवढ्या काड्या दाखव’ म्हणावे. तो सहा काड्या दाखवतो. मग १ वर बोट ठेवून तेच विचारावे. पुष्कळ मुले एकच काडी उचलतात, आणि उरलेल्या नऊ काड्यांचे काय झाले हा प्रश्न त्यांना पडतही नाही. कॉन्स्टन्स कामी या अभ्यासिकेने ही चाचणी अनेक मुलांवर करून पाहिली होती. एक काडी उचलणाऱ्या मुलाला हातच्याची बेरीज शिकवण्याची घाई करू नये. त्याला आधी काड्यांचे गठ्ठे बांधायला बसवावे.

साहित्य थोडेच लागते : शंभर-सव्वाशे काड्या, रबरबँड आणि एक मोठा पुठ्ठा. काड्या आइसक्रीमच्या असोत की खराट्याच्या, लांबी-जाडी सारखी असावी. पुठ्ठ्यावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे ‘दशक’ आणि उजवीकडे ‘एकक’ लिहावे. पहिले एक-दोन दिवस बेरीज नाहीच. मूठभर काड्या मोजायच्या, दहा झाल्या की रबरबँड लावायचा, गठ्ठे डावीकडे आणि सुट्ट्या काड्या उजवीकडे ठेवायच्या, आणि खाली आकडे लिहायचे. गठ्ठे मुलानेच बांधायला हवेत. आयता बांधून दिलेला गठ्ठा त्याच्या लेखी एक वस्तू असते. स्वतः मोजून बांधलेल्या गठ्ठ्यात दहा काड्या आहेत हे त्याला सांगावे लागत नाही, आणि शंका आली तर रबरबँड काढून मोजताही येते. दहा रुपयांच्या नोटेपेक्षा काड्या बऱ्या त्या यासाठीच. नोट उघडून आतला रुपया दाखवता येत नाही.

मराठी मुलांना इथे आणखी एक अडचण येते. ‘सदतीस’ म्हणताना आधी सात ऐकू येतात आणि मग तीस. लिहिताना मात्र आधी ३ लिहायचे. त्यामुळे सदतीस ऐकून ७३ लिहिणारी मुले दर वर्गात सापडतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. त्यामागची अडचण खरी होती. पुठ्ठ्यावर तीन गठ्ठे डावीकडे आणि सात काड्या उजवीकडे ठेवून ‘तीन दशक सात, सदतीस’ असे दोन्ही म्हणवून घेतले की ऐकण्याची आणि लिहिण्याची सांगड बसते.

आता बेरीज. वर ३७ म्हणजे तीन गठ्ठे, सात सुट्ट्या. त्याखाली २५ म्हणजे दोन गठ्ठे, पाच सुट्ट्या. नियम एकच : एककाच्या घरात नऊपेक्षा जास्त काड्या राहू शकत नाहीत. सुट्ट्या काड्या एकत्र केल्या की बारा होतात. मूल आपणहून सातात पाचातल्या तीन घालते, दहा झाल्या म्हणून रबरबँड लावते, दोन उरतात. नवा गठ्ठा त्याने स्वतःच्या हाताने रेघ ओलांडून दशकाच्या घरात, इतर गठ्ठ्यांच्या वर ठेवायचा. ‘हातचा’ तो हाच.

लिहिणे त्याच क्षणी व्हायला हवे. दोन काड्या उरल्या की एककाखाली २. गठ्ठा पलीकडे गेला की दशकाच्या डोक्यावर बारीक १. मग गठ्ठे मोजायचे : एक, तीन आणि दोन मिळून सहा. दशकाखाली ६. आधी सगळा खेळ काड्यांचा आणि नंतर सगळे गणित वहीत, असे केले तर मुलाच्या मनात त्या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसतात. काड्या नीट हाताळणारे मूल वहीत पुन्हा ५१२ लिहिते ते बहुतेक यामुळेच. शेवटी सगळे गठ्ठे सोडून एकेक काडी मोजू द्यावी. बासष्टच भरतात हे मुलाने एकदा तरी पाहिलेले असावे.

बेरीज उजवीकडूनच का सुरू करायची, असे एखादे चौकस मूल विचारते. त्याला डावीकडून करू द्यावे. गठ्ठे आधी मोजले तर पाच, मग सुट्ट्यांतून आणखी एक निघतो, सहा. काड्यांचे काही बिघडत नाही, पण वहीत लिहिलेला ५ खोडावा लागतो. उजवीकडून सुरुवात करण्याचे कारण एवढेच.

पुढची उदाहरणे निवडून द्यावीत. ४६ आणि ३४ मध्ये सुट्ट्या नेमक्या दहा होतात, गठ्ठा पलीकडे गेला की एककाचे घर रिकामे. मूल नुसते ८ लिहून मोकळे होते. आठ गठ्ठे आहेत की आठ काड्या, असे विचारले की शून्य का लागते ते कळते. २८, १७ आणि ३६ मध्ये सुट्ट्या एकवीस होतात, दोन गठ्ठे बांधले जातात आणि उत्तर ८१ येते. हातचा नेहमी एकच असतो ही समजूत इथे मोडते. ६८ आणि ५७ मध्ये बारा गठ्ठे जमतात; त्यातले दहा एकत्र बांधले की शतकाचा मोठा गठ्ठा तयार होतो आणि दोन उरतात. उत्तर १२५. ४६ खाली ७ मांडताना तो ४ च्या खाली लिहिणाऱ्या मुलालाही सुट्ट्या सात काड्या गठ्ठ्यांच्या घरात ठेवायला सांगावे. बहुतेकदा ते स्वतःच थांबते.

काड्यांची मदत शंभर-सव्वाशेपर्यंतच. त्यापुढे गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्टीसाठी टिंब काढावे, दहा टिंबांभोवती गोल करावा, आणि मग चित्रही सोडून द्यावे. सात आणि पाच किती हे बोटांवर मोजत बसणाऱ्या मुलाचा धागा मध्येच तुटतो. अठरापर्यंतच्या बेरजा त्याच्याकडून वेगळ्या पक्क्या करून घ्याव्या लागतात, ते काम काड्या करत नाहीत.

काड्या बाजूला ठेवायची वेळ आली का, हे ओळखण्यासाठी मुलाला ‘३७ + २५ = ५२’ असे चुकीचे सोडवलेले गणित द्यावे. एक गठ्ठा कुठे गेला हे त्याने काड्यांना हात न लावता सांगितले, तर त्या डब्यात भराव्यात. डबा मात्र टाकून देऊ नये. हातच्याच्या वजाबाकीत हेच गठ्ठे सोडायचे असतात.