कव्हरमधलं चुंबक, चुकलेली उत्तर

नकाशावरचा निळा ठिपका बरोबर जागी असतो, पण त्याची दिशा भलतीकडेच दाखवते. दोष बहुधा फोनच्या चुंबकी कव्हरचा असतो.

फोनमधला मॅग्नेटोमीटर तीन अक्षांवर चुंबकीय क्षेत्र मोजतो. महाराष्ट्रात पृथ्वीचं क्षेत्र जेमतेम 42-45 मायक्रोटेस्ला. शेजारच्या चुंबकाने त्यात 200ची भर घातली, तर फोन कसाही फिरवा, सुई जवळपास चुंबकालाच चिकटून राहते.

फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवला की सॉफ्टवेअर ही कायमची भर ओळखून वजा करतं. मात्र फ्लॅप उघडला, स्टँड काढला की भर बदलते आणि हिशेब पुन्हा कोलमडतो.

गाडीत हे फारसं जाणवत नाही. धावताना दिशा जीपीएसवरून कळते. पायी निघताना मात्र आधी कव्हर काढा, मग आठ काढा.